नायकाचा प्रवास आणि शरद नेरुळकर

पटकथालेखनाच्या वर्गात बहुधा पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक वर्तुळ काढलं जातं. वर्तुळाच्या माथ्यावर नायकाचं घर असतं. तिथून तो निघतो, अनोळखी मुलखात उतरतो, तिथे कोणीतरी गुरू भेटतो, संकटं येतात, एका क्षणी तो मेल्यातच जमा होतो, त्यातून उठतो आणि काहीतरी मिळवून पुन्हा माथ्यावर, घरी येतो. विद्यार्थ्यांना हे वर्तुळ दोन मिनिटांत पटतं, कारण प्रत्येकाच्या मनात त्या क्षणी चार-पाच चित्रपट त्यात चपखल बसू लागलेले असतात. ‘नायकाचा प्रवास’ म्हणतात तो हाच. पुढच्या लेखांमध्ये या आराखड्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येणार आहे. तेव्हा तो आला कुठून, इतक्या चित्रपटांत का दिसतो, आणि तो खरोखर मोडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी नीट पाहून घेतलेलं बरं.

आराखड्याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण ‘स्टार वॉर्स’. 1977 सालचा चित्रपट. ल्यूक स्कायवॉकर हा वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या शेतीवर राबणारा पोरगा. एका यंत्रमानवातून त्याला मदतीची हाक ऐकू येते. ओबी-वान नावाचा म्हातारा योद्धा त्याला वडिलांची तलवार देतो आणि सोबत चल म्हणतो. ल्यूक आधी नाहीच म्हणतो, घरी कामं पडली आहेत म्हणतो. घरी येऊन बघतो तर काका-काकू मारले गेलेले. आता मागे काहीच उरलं नाही, म्हणून तो निघतो. सोबती जोडले जातात, शत्रूच्या पोटात शिरावं लागतं, तिथे डोळ्यांदेखत गुरू मारला जातो. शेवटी ल्यूक यंत्राचा आधार सोडून गुरूच्या शिकवणीवर भिस्त ठेवतो आणि नेम साधतो. मग सभा भरते, गळ्यात पदक पडतं. जॉर्ज लुकास या पटकथेचे खर्डे करत असताना जोसेफ कॅम्बेलचं पुस्तक वाचत होता, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. पुढे 1988 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर कॅम्बेलच्या ज्या गाजलेल्या मुलाखती दाखवल्या गेल्या, त्यांचं बरंचसं चित्रीकरणही लुकासच्याच आवारात झालं होतं.

कॅम्बेलचं ते पुस्तक 1949 सालचं, ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’. जगभरच्या पुराणकथांच्या तळाशी एकच कथा आहे, असा त्याचा दावा. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असे तिचे तीन भाग, आणि त्यांत मिळून 17 टप्पे. पुस्तक वाचताना मराठी वाचकाला ओळखीची माणसं भेटत राहतात. बुद्ध तर आहेच, पण मुचकुंदही आहे. देवांसाठी लढून थकलेला मुचकुंद वर म्हणून झोप मागतो आणि गुहेत युगानुयुगं झोपून राहतो. कृष्णाचा पाठलाग करत आलेला कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि त्याच्या दृष्टीने भस्म होतो. मुचकुंद बाहेर येऊन बघतो तर माणसं खुजी झालेली, काळ पालटलेला. तो लोकांत परतत नाही, तपाला निघून जातो. कॅम्बेलने ही कथा ज्या टप्प्याच्या उदाहरणादाखल घेतली आहे, तो टप्पा म्हणजे ‘परतण्यास नकार’. कॅम्बेलच्या मूळ मांडणीत नायक परत येणार नाही, अशीही एक वाट मोकळी होती. ती वाट पुढे बुजली कशी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बुजली ती हॉलिवूडमध्ये. 1980च्या दशकाच्या मध्यावर ख्रिस्तोफर व्होगलर डिस्ने कंपनीत कथा-सल्लागार होता. त्याने कॅम्बेलच्या पुस्तकाचा सात पानी सारांश चित्रपटवाल्यांच्या सोयीसाठी तयार केला. ती सात पानं झेरॉक्स होत होत एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत गेली. 1992 साली त्यांचं पुस्तक झालं आणि जगभरच्या पटकथालेखकांच्या टेबलावर जाऊन बसलं. व्होगलरने 17 टप्प्यांचे 12 केले. त्या बारांत शेवटचा टप्पा म्हणजे अमृत घेऊन घरी परतणं. मुचकुंदाला तिथे जागा उरली नाही. पुराणांविषयीचं एक निरीक्षण इथे कारागिराचं साधन झालं, आणि साधन म्हटल्यावर ज्या टोकाने काम होत नाही ते टोक घासून टाकलं जाणारच.

आता प्रश्न असा की हा आकार इतक्या चित्रपटांत का दिसतो. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं उत्तर म्हणजे, तो माणसाच्या मनाचाच आकार आहे. मला ते घाईचं वाटतं. कॅम्बेलची पद्धत अशी होती की एका टप्प्यासाठी एका देशाची कथा घ्यायची, दुसऱ्यासाठी दुसऱ्याच देशाची. एखादी कथा अख्खीच्या अख्खी सतराही टप्प्यांतून जाते का, याची कसोटी तो लावत नाही. अॅलन डंडेससारख्या लोककथांच्या अभ्यासकाने त्याच्यावर कडक टीका केली. व्लादिमीर प्रॉपने 1928 साली रशियन भाषेत असंच एक काम केलं होतं, पण त्याने शंभर रशियन परीकथा घेतल्या, त्यांत 31 कृती कोणत्या क्रमाने येतात ते दाखवलं, आणि दावा केला तो तेवढ्या प्रकारच्या कथांपुरताच. कॅम्बेलच्या टप्प्यांची नावं इतकी सैल आहेत की त्यांत काहीही बसतं. ‘उंबरठा’ म्हणजे समुद्र असू शकतो, कॉलेजचं फाटक असू शकतं, लग्नाचा मांडवही असू शकतो. आकार सगळीकडे दिसतो याचं थोडंफार श्रेय या सैलपणालाच द्यावं लागतं.

दुसरं कारण रोकडं आहे. 1977 नंतर, आणि विशेषतः व्होगलरनंतर, चित्रपट या आराखड्यावरच बेतले जाऊ लागले. स्टुडिओकडे येणाऱ्या पटकथा आधी पगारी वाचक वाचतात. तो वाचक दोन-तीन पानांचा अभिप्राय लिहितो आणि बहुतेक पटकथा तिथेच अडतात. त्या वाचकाला एका दिवसात कितीतरी वाचायचं असतं, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी मोजपट्टी लागतेच: नायकाला हाक कुठल्या पानावर आली, मध्यावर उलथापालथ झाली का, शेवटी तो बदलला का. मोजपट्टीवर उतरेल तेच पुढे सरकतं हे लेखकही लवकर शिकतो. मग वीस वर्षांनी कोणीतरी शंभर चित्रपट तपासून म्हणतो, बघा, सगळ्यांत तोच आकार आहे. जो साचा आपणच घातला, तोच आता निसर्गनियम म्हणून सापडतो.

पण एवढ्याने भागत नाही. हॉलिवूडशी काडीचा संबंध नसलेल्या, व्होगलरच्या कितीतरी आधीच्या चित्रपटांतही हा आकार आहे. त्याचं कारण चित्रपट बघण्याच्या रीतीत आहे. आपण दोन-अडीच तास अंधारात एका जागी बसतो आणि त्यातला बराच वेळ एकाच माणसाचा चेहरा बघतो. त्या माणसाला काय हवंय हे कळलं की ते त्याला मिळतंय की नाही यात आपण गुंततो. कादंबरी महिनाभर पुरवून वाचता येते, ती भरकटली तरी चालते. चित्रपटाला एका बैठकीत प्रेक्षकाची सगळी चिकाटी वसूल करायची असते, आणि शेवटी हाती काहीतरी पडेल या भरवशावरच प्रेक्षक नायकाचे हाल सोसतो. माझ्या मते आराखड्याचं मर्म बारा टप्प्यांत नाही, या भरवशात आहे. कष्ट सत्कारणी लागतात, सोसलेलं वाया जात नाही, हा कथेने प्रेक्षकाला दिलेला शब्द आहे. टप्पे पुढेमागे झाले, गाळले, उलटे लावले, तरी जोवर हा शब्द पाळला जातो तोवर नायकाचा प्रवास शाबूत असतो.

म्हणूनच नुसती हार म्हणजे मोडतोड नव्हे. ‘रॉकी’ (1976) आठवून बघा. फिलाडेल्फियाच्या गल्लीतला मुष्टियोद्धा जगज्जेत्याशी लढतो आणि शेवटी गुणांवर हरतो. पण पंधराच्या पंधरा फेऱ्या तो पायांवर उभा राहिलेला असतो. त्याला स्वतःविषयी जे सिद्ध करायचं होतं ते झालेलं असतं आणि त्याची प्रेयसी त्याच्या मिठीत असते. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे प्रेक्षकाला घरी जाताना धड आठवतही नाही. नायक हरतो पण शहाणा होतो, मरतो पण गाव वाचवतो, प्रेम गमावतो पण कला कमावतो. हे सगळे शब्द पाळण्याचेच प्रकार आहेत. अमृताचा हंडा फक्त बदलतो.

संगीत हा या आराखड्याला फार मानवणारा विषय आहे, आणि मराठीत त्याचं उत्तम उदाहरण आहेच. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली रंगभूमीवर आलं. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले ते अजून त्याविषयी बोलतात. 2015 साली सुबोध भावेंनी त्यावर चित्रपट केला. सदाशिव गुरूच्या ओढीने येतो, बघतो तर गुरू हरून परागंदा झालेला आणि त्याच्या जागी खाँसाहेब. ज्याने आपल्या गुरूला हरवलं त्याचीच गायकी शिकण्यासाठी तो ओळख लपवून त्याच्या घरात शिरतो. अपमान सोसतो, चोरून ऐकतो, पकडला जातो. एक खून माफ असलेली कट्यार वैऱ्याच्या हाती आहे, आणि शेवटी ती सदाशिवावर चालत नाही, कारण गाणं द्वेषाहून मोठं ठरतं. हाक, उंबरठा, गुहा, मृत्यूची छाया, आणि दोन घराण्यांची गायकी एका गळ्यात येणं हे अमृत. यात कुठे काही उसनं वाटत नाही. कारण आपल्याकडच्या घराण्यांच्या आख्यायिका आधीपासूनच अशा आहेत. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनाने बिघडला आणि त्या बिघडलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवताना जयपूर घराण्याची ती वळणदार, पेचदार रीत जन्माला आली, असं सांगितलं जातं. पडणं आणि त्या पडण्यातूनच वर मिळणं, असा अख्खा प्रवास त्या एका गोष्टीत आहे. गाणं शिकणारं प्रत्येक मूल अशा गोष्टींवर वाढतं. गुरूच्या घरी पाणी भरलं, वर्षभर एकच सूर लावला, आणि मग एके पहाटे गुरूने दार उघडलं.

या गोष्टी खोट्या आहेत असं मला म्हणायचं नाही. पण त्या सांगितल्या कोणाच्या जातात ते पाहिलं पाहिजे. ज्याला गुरूने दार उघडलं त्याची गोष्ट त्याचे शिष्य सांगतात. ज्याने तितकंच पाणी भरलं, तितकाच सूर लावला, आणि दार उघडलं नाही, त्याला शिष्यच मिळाले नाहीत. मग त्याची गोष्ट सांगणार कोण? पुराणं, आख्यायिका, चरित्रं ही पोचलेल्यांची वहिवाट आहे. त्यांतून काढलेल्या आराखड्यात पोचणं हा टप्पा असणारच.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (2020) हा न पोचलेल्याविषयीचा चित्रपट आहे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर आला आणि आपल्याकडे बहुतेकांनी घरीच पाहिला. या प्रस्तावनेत मी तोच सविस्तर घेतो आहे, कारण त्यात नायकाच्या प्रवासाचे जवळजवळ सगळे सुटे भाग जागच्या जागी आहेत आणि तरी तो प्रवास होत नाही.

शरद नेरुळकर हा मुंबईत आजीजवळ राहणारा चोविशीतला गायक. साल 2006. त्याचे वडीलही गाण्याच्या मागे लागलेले, नाव न झालेले. त्यांनीच त्याला लहानपणी बसवून शिकवलं. म्हणजे हाक वारशाने आलेली. गुरू विनायक प्रधान हे जुन्या वळणाचे, प्रसिद्धीपासून दूर राहिलेले गवई. त्यांच्या गुरू सिंधुबाई जाधव, म्हणजे ‘माई’. माईंनी स्वतःचं गाणं कधी ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. फक्त त्यांची काही व्याख्यानं वडिलांनी चोरून टेप केलेली होती, ती आता शरदजवळ आहेत. ‘स्टार वॉर्स’मधली वडिलांची तलवार आठवा: पूर्वसुरींकडून आलेली, इतर कोणाजवळ नसलेली, जपून वापरायची वस्तू. रात्री शरद मोटरसायकलवरून मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवर फिरतो, कानात माईंचा आवाज असतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, आणि त्यांनी तो असा दिला आहे की त्या माईंच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटतं. माई सांगतात त्याग, एकटेपण, अहंकार गळून पडणं. श्रोत्यांना रिझवण्यासाठी गाणाऱ्यांची वाट वेगळी, ही वाट वेगळी.

इथे दिग्दर्शकाने एक अत्यंत विचारपूर्वक निवड केली आहे. मोटरसायकलची ही दृश्यं संथ गतीत आहेत, तानपुऱ्याच्या नादात तरंगणारी. संथ गती चित्रपटात एरवी विजयाच्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. इथे ती अशा प्रसंगांना मिळते जिथे काहीच घडत नाही, एक तरुण नुसता ऐकत चाललाय. उलट जिथे एरवी वेळ दाबला जातो, तो रियाज, त्या मैफली, त्या इथे लांबलचक, स्थिर आणि बऱ्यापैकी दुरून दाखवल्या आहेत. रॉकीचा सराव तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत उरकतो. आधी धापा टाकत पायऱ्या चढणारा तो शेवटी त्याच पायऱ्यांवर हात उंचावून नाचतो, आणि मधले महिने आपल्याला जाणवतसुद्धा नाहीत. ही तुकड्यांची जोडणी हे आराखड्याचं सगळ्यात प्रभावी यंत्र आहे, कारण कष्टांतून फळ निघतं हे ती न बोलता सिद्ध करून टाकते. ताम्हाणे ते यंत्र वापरतच नाहीत. आपल्याला बसून ऐकावं लागतं.

आणि ऐकताना काय कळतं? शरदची भूमिका आदित्य मोडक यांनी केली आहे, ते स्वतः तालमीत तयार झालेले गायक आहेत. प्रधानगुरुजी झालेले अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकरांकडे शिकलेले, जयपूर घराण्याचे गवई. पेशाने केमिकल इंजिनिअर. संगीताची आखणी तबलावादक अनीश प्रधान यांची. तेव्हा पडद्यावर जे गाणं चालतं ते खरं आहे. शरद बेसूर गात नाही. राग चुकत नाही, ताल सुटत नाही. तो वाईट गायला असता तर काम सोपं होतं, प्रेक्षकाने मान हलवून मोकळं व्हायचं. पण तो ठीक गातो. ताना येतात त्या जोर लावून येतात, आलापात पुढची जागा आधीच ठरवलेली असल्यासारखी वाटते. जाणकार नसलेल्या प्रेक्षकाला हेही कळणार नाही, म्हणून पटकथेने त्याला एक आधार दिला आहे: गुरुजींचा चेहरा. चित्रपट उघडतो तोच गुरुजींच्या मैफलीत. गुरुजी गातात आणि कॅमेरा हळूहळू सरकत मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शरदच्या भारावलेल्या चेहऱ्याकडे जातो. पुढे उलट, शरद गात असतो आणि आपण गुरुजींकडे बघू लागतो. तो चेहरा कधी शरदच्या त्या पहिल्या दृश्यातल्या चेहऱ्यासारखा होत नाही. स्पर्धा होते, निकाल लागतो, त्यात शरदचं नाव नसतं.

आराखड्यात गुरूने योग्य वेळी बाजूला होणं आवश्यक असतं. ओबी-वान मारला जातो म्हणून ल्यूकला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. प्रधानगुरुजी मरत नाहीत, ते म्हातारे होतात. आजारी पडतात, डॉक्टरकडे न्यावं लागतं, शरद त्यांची सेवाशुश्रूषा करतो, पैशांची ओढाताण सोसतो. दीक्षेचा विधी म्हणून सुरू झालेली सेवा पुढे एका म्हाताऱ्या माणसाची निगा होऊन राहते. आराखड्याला अशा वर्षांचं काय करायचं ते ठाऊक नाही, कारण त्यांच्या शेवटी काही नाही. मला हा भाग चित्रपटातला सर्वांत धीट वाटतो. गुरू दुष्ट निघाला, ढोंगी निघाला, असं दाखवणं सोपं होतं आणि त्यातून शरदला निदान भ्रमनिरासाचं शहाणपण मिळालं असतं. प्रधानगुरुजी खरोखर चांगले गवई आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते देण्याजोगं नाही, इतकंच.

आराखड्याची गुहाही आहे. मध्यमवयाकडे झुकलेला शरद एका संग्राहक-समीक्षकाला भेटतो. त्याच्याकडे दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा साठा आहे. तो सहज बोलता बोलता माईंच्या आणि गुरुजींच्या मोठेपणाबद्दल, त्यांच्या स्वभावाबद्दल नको ते सांगतो. ज्या आवाजावर शरदने तारुण्य ओवाळून टाकलं तोच आवाज चिरफाळतो. नियमाप्रमाणे इथे नायकाने कोसळावं, आणि त्या राखेतून स्वतःचा सूर शोधावा. शरद ग्लासातलं त्या माणसाच्या तोंडावर फेकतो. ऐकलेल्याने त्याचं गाणं सुधारत नाही, स्वभावही निवळत नाही. पुढे एका मैफलीत तो मध्येच थांबतो आणि उठून जातो. कथा तिथे त्याला काहीही देत नाही. आराखडा मोडतो तो या सांध्यात. तळ गाठला की तिथे काहीतरी ठेवलेलं असतं, हा भरवसा काढून घेतलेला आहे.

मोडण्याच्या या पद्धतीतली बारीक गोष्ट अशी की नायकाचा प्रवास चित्रपटातून गेलेला नाही, तो पात्राच्या डोक्यात जाऊन बसलाय. शरदची अशी श्रद्धा आहे की आपण त्या वर्तुळावरच चाललो आहोत. माईंच्या टेप म्हणजे त्याच्यासाठी तोच नकाशा आहे. अपयश आलं की तो म्हणतो, ही कसोटी आहे. नोकरी, लग्न, मैत्री यांचा मोह झाला की तो त्यांना वाटेतले अडथळे समजतो. आराखडा बाहेरून बघताना सुंदर दिसतो. आत राहून वीस वर्षं काढली तर माणसाचं काय होतं ते ताम्हाणे दाखवतात. हे कठोर वाटतं, पण त्यात शरदची टिंगल कुठेही नाही. त्याची ओढ खरी आहे, त्याचे कष्ट खरे आहेत, आणि चित्रपट दोन्हींचा मान राखतो.

शरद कुटुंबवत्सल होतो, बायको असते, मुलगी असते, जुन्या ध्वनिमुद्रणांचा व्यवसाय असतो. म्हणजे तो परततो. मुचकुंदासारखा निघून जात नाही. मग तो बरोबर काय घेऊन आला? याचं उत्तर मला त्याच्या शिकवणीच्या प्रसंगात सापडतं. एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या फ्युजन बँडमध्ये गायचं असतं आणि त्याची आई परवानगी विचारते. शरद त्या मुलाला असं झापतो की पुन्हा यायची सोय राहू नये. शब्द जवळजवळ माईंचेच आहेत. माईंची कला त्याला मिळाली नाही, त्यांचा सोवळेपणा मात्र पुरेपूर मिळाला, आणि घरी आणलेल्या अमृताऐवजी तोच तो पुढच्या पिढीला देतो आहे. चित्रपट शेवटी त्याला लोकलच्या डब्यात आणतो. तिथे एक भटका गायक तंतुवाद्यावर गात पैसे मागत फिरतो. घराणं नाही, टेप नाही, तो गातो. शरद बघतो आणि मान वळवतो. या दृश्याचा अर्थ शरदला काहीतरी उमगलं असा लावणारे समीक्षक आहेत. मला तसं वाटत नाही. उमगलं म्हटलं की भरवसा मागच्या दाराने परत आला, आणि पटकथेने इतका वेळ तेच दार बंद ठेवलेलं आहे.

एक धागा मात्र बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून निसटतो, तो दुसऱ्यांदा बघताना जरूर धरावा. शरदच्या घरातल्या टीव्हीवर ‘फेम इंडिया’ नावाचा गाण्याचा रिअॅलिटी शो चालू असतो. त्यात शाश्वती बोस नावाची साधीशी मुलगी येते, परीक्षक भारावतात. पुढच्या काळातल्या तुकड्यांत ती हळूहळू बदलत जाते, कपडे बदलतात, गाणी बदलतात, झगमगाट वाढतो. रिअॅलिटी शोच्या निर्मात्यांना नायकाचा प्रवास पटकथालेखकांइतकाच पाठ असतो. गावचं घर दाखवायचं, आईचे डोळे ओले दाखवायचे, परीक्षकाला गुरू करायचं, बाद होता होता वाचवायचं आणि अंतिम फेरीला आतषबाजी करायची. म्हणजे ज्या चित्रपटात शरदला तो प्रवास मिळत नाही, त्याच चित्रपटात कोपऱ्यातल्या पडद्यावर एक संपूर्ण, यशस्वी, जाहिरातींसकट विकला जाणारा नायकाचा प्रवास चाललेला आहे. ताम्हाणे तो सलग दाखवत नाहीत, मधले दुवे गाळून चार-दोन तुकड्यांतच दाखवतात. शाश्वतीला काय मिळालं आणि त्यापायी काय गेलं, हे त्या गाळलेल्या भागांत आहे, आणि शरद ते सोफ्यावर बसून, आपल्यासारखाच, दुरून बघत असतो.